चिमूर, नागपंचमी 1942: आजीच्या मुलाखतीची आखणी

चिमूरमध्ये 16 ऑगस्ट 1942 रोजी जे घडले, त्याची लेखी हकिकत थोडक्यात सांगता येते. त्या दिवशी नागपंचमी होती आणि वारही रविवारच होता. त्याआधी तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी गाव भारून गेले होते. सकाळी निघालेल्या फेरीवर पोलिसांनी बळाचा वापर केला. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा तरुण मारला गेला आणि जमाव खवळला. उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, सर्कल इन्स्पेक्टर जरासंध आणि एक शिपाई असे चौघे जमावाच्या हातून मेले. 19 तारखेला फौज आली, धरपकड झाली, खटला चालला, गावावर सामुदायिक दंड बसला आणि बायकांवर अत्याचार झाले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी यांनी उपोषण आरंभले. ते 63 दिवस चालले आणि 12 जानेवारी 1943 रोजी सुटले.

या हकिकतीत एक मोठी फट आहे. फौज गावात आल्यानंतरच्या आठवड्यांत घरांमध्ये काय चालले होते, हे तिच्यात फारसे नाही. सरकारने चिमूर आणि भन्साळींचे उपोषण यांच्या बातम्या छापण्यावर बंधने घातली होती, त्यामुळे त्या काळातल्या वर्तमानपत्रांत हा भाग तुटक सापडतो. खटल्याच्या कागदांत आरोपी आणि साक्षीदार आहेत. कर्ते पुरुष पकडून नेल्यावर किंवा रानात पसार झाल्यावर मागे राहिलेल्या बायका आणि पोरे त्यांत जवळपास नाहीत. ही फट भरून काढू शकणारी माणसे तेव्हा लहान होती आणि आज नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणी लग्न होऊन इतर गावी गेल्या. म्हणून अशा प्रकल्पाची आखणी घरातल्याच एखाद्या वृद्ध बाईपासून करणे सर्वांत फलदायी ठरते.

उदाहरणासाठी अशी एक आजी घेऊ. माहेर चिमूरचे, 1942 मध्ये वय साधारण नऊ, सासर वैनगंगेपलीकडे आरमोरीच्या बाजूला. नातीला तिची मुलाखत ध्वनिमुद्रित करायची आहे. अशी आजी साक्षीदार म्हणून विशेष मोलाची असते आणि त्याचे कारण तिचे सासर हे आहे. चिमूरमध्ये दरवर्षी 16 ऑगस्टला हुतात्म्यांना अभिवादन होते, भाषणे होतात. गावात राहिलेल्या माणसाच्या आठवणीवर या भाषणांचा थर दरवर्षी चढत जातो. शिवाय 15 ऑगस्ट 1972 पासून केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा कितीतरी घरांना आपली हकिकत अर्जात बसेल अशा रीतीने मांडावी लागली. कोण कोणत्या तुरुंगात होते, किती महिने होते, साक्षीदार कोण, हे पुढे आले आणि अर्जाला न लागणारे सारे मागे पडले. नदीपलीकडे नांदलेल्या मुलीच्या आठवणीला हे दोन्ही संस्कार कमी झालेले असतात. तिची गोष्ट गावच्या गोष्टीशी जुळत नसेल, तर ती चुकली असे समजण्याची घाई करू नये.

आखणीत सर्वांआधी ठरवायचे ते हे, की त्या दिवशी आजी कुठे उभी होती. नऊ वर्षांची मुलगी जमावाने पेटवलेल्या डाक बंगल्यापाशी नसणार, पोलीस ठाण्यापाशीही नसणार. ती घरात, अंगणात, फार तर गल्लीच्या तोंडाशी असेल. म्हणून पहिली भेट ध्वनिमुद्रणाविना, कागद आणि पेन्सिल घेऊन व्हावी. माहेरच्या घराचा आराखडा तिच्या सांगण्यावरून काढावा: ओसरी कुठे, माजघर कुठे, चूल कोणत्या कोपऱ्यात, विहीर किती घरे सोडून, मागचे दार कुठे उघडते, शेजारी कोण. बालाजीच्या देवळापासून घर कोणत्या दिशेला, हेही त्यात यावे. चिमूरच्या घोडायात्रेमुळे ते देऊळ कोणत्याही चिमूरकर मुलीच्या डोक्यात पक्के असते आणि बाकीची गल्ली त्याच्या आधाराने उभी राहते. या आराखड्यावरून पुढच्या प्रत्येक विधानाची परीक्षा होते. आजीने सांगितले की डाक बंगल्याचा धूर दिसला, तर तो कोणत्या दारातून दिसला हे विचारता येते. ती म्हणाली की अधिकाऱ्याला मारताना पाहिले, तर ती जागा घरातून दिसूच शकत नव्हती, हेही शांतपणे लक्षात घेता येते. अशा वेळी ती खोटे बोलत नसते. घरात रात्री चाललेले बोलणे नऊ वर्षांच्या पोरीने इतके जवळून ऐकलेले असते, की पुढे ते पाहिल्यासारखेच वाटू लागते.

दुसरी तयारी तारखांची. आजीच्या पिढीचे बालपण इंग्रजी तारखांवर चाललेले नाही, तेव्हा "कोणत्या साली" हा प्रश्न निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी तिला माहीत असलेल्या खुणांचा एक तक्ता आधी बनवावा. 1942 ची नागपंचमी ही मुख्य खूण. मग त्या वर्षीची दिवाळी, जी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती, घोडायात्रेचा माघ, धाकट्या भावंडाचा जन्म, गांधीजींची हत्या, म्हणजे 30 जानेवारी 1948, आणि तिचे स्वतःचे लग्न. वय ठरवतानाही हाच तक्ता कामी येतो. आधार कार्डावर 1 जानेवारी ही जन्मतारीख असेल तर ती बहुधा अंदाजाने घातलेली असते, तिच्यावर विसंबू नये. गांधीजी गेले तेव्हा लग्न झाले होते का, धाकटा भाऊ नागपंचमीला रांगत होता की चालत होता, अशा प्रश्नांतून वय वर्षभराच्या फरकाने निश्चित होते. सात वर्षांच्या आणि अकरा वर्षांच्या मुलीच्या साक्षीत फार अंतर असते, म्हणून ही खटपट करायची.

जिल्ह्यांची नावेही आधी समजून घ्यावीत. आजी "चांद्याला नेलं" म्हणेल ते आजचे चंद्रपूर. तिचे सासर आज गडचिरोली जिल्ह्यात असले तरी तो जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा झाला. तिच्या बालपणी चिमूर आणि आरमोरी दोन्ही एकाच चांदा जिल्ह्यात होती, मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या कारभाराखाली, आणि प्रांताचे वरचे निर्णय नागपुरात होत. त्यामुळे त्या वेळचे कागद शोधायचे असतील तर मुंबईच्या आधी नागपूरच्या पुराभिलेखाकडे वळावे लागते.

प्रश्नांची आखणी नागपंचमीच्या रीतिरिवाजांपासून केली तर फार उपयोग होतो. त्या दिवशी तवा चढवत नाहीत, चिरणे-कापणे टाळतात, शेतात नांगर धरत नाहीत. नऊ वर्षांच्या मुलीला फेरीतल्या घोषणा आठवतीलच असे नाही, पण त्या दिवशी काय शिजले आणि ते कोणी खाल्ले नाही, हे आठवते. पुरुष घरी का होते, याचेही उत्तर तिथेच मिळण्याची शक्यता आहे. ऑगस्टच्या मध्याला एरवी माणसे शेतात गुंतलेली असतात, पण नागपंचमीला जमिनीला हात लावायचा नसल्याने गाव भरलेले होते. ही गोष्ट लेखी हकिकतीत क्वचितच कारण म्हणून येते आणि आजीच्या तोंडून ती सहज, कारण म्हणून न सांगता, येऊन जाते.

प्रश्न उघडे असावेत आणि एका वेळी एकच असावा. "फौजेनं घरं लुटली ना?" असे विचारले की उत्तर "हो" येते आणि संपते. "धान्य कुठं ठेवलं होतं?" असे विचारले की कोठी, पेव, लपवलेली भांडी, कोणी काय उचलले, हे सगळे हळूहळू येते. "भीती वाटली का?" यापेक्षा "रात्री कुठं झोपत होता?" हा प्रश्न कितीतरी जास्त देतो, कारण घरात झोपणे बंद झाले असेल तर ते त्याच्या उत्तरातच कळते. नेताजींनी बर्लिनच्या रेडिओवरून चिमूरचे नाव घेतले, अशी एक गोष्ट त्या भागात अभिमानाने सांगितली जाते. आजीनेही ती सांगितली तर "ही तुम्हाला कोणी सांगितली?" एवढाच पुढचा प्रश्न विचारावा. उत्तरात नवऱ्याचे, मास्तरांचे किंवा एखाद्या सभेचे नाव येते आणि ती गोष्ट तिच्यापर्यंत कधी, कशी पोचली याचा माग मिळतो. तो मागही इतिहासच आहे, फक्त 1942 चा नव्हे.

बसण्याचे दिवस ठरवताना घराचे आणि रानाचे वेळापत्रक पाहावे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला पहाटेच माणसे बाहेर पडतात, मे महिन्यात तेंदूपाने असतात आणि चंद्रपूरचा उन्हाळा म्हाताऱ्या माणसाला तासभर बसू देत नाही. शिवाय कूलरचा आवाज ध्वनिमुद्रण पार बिघडवतो. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते आणि पत्र्यावरचा पाऊस बोलणे झाकून टाकतो. धान घरात आल्यावर, डिसेंबर-जानेवारीतली सकाळ सर्वांत बरी. आजीचे जेवण, औषध आणि नेहमीची झोप सांभाळून एका बैठकीला तासापेक्षा जास्त वेळ घेऊ नये. ती थकली की वाक्ये छोटी होतात आणि "काय सांगू आता" हे वारंवार येऊ लागते. तिथेच थांबावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे.

खोलीत कोण असावे, हा प्रश्न यंत्रापेक्षा महत्त्वाचा आहे. घरातला मोठा मुलगा शेजारी बसला की तो आजीची वाक्ये पूर्ण करू लागतो, तारखा दुरुस्त करतो, आणि आजी त्याच्याकडे पाहून बोलू लागते. चिमूरच्या प्रसंगात तर मुलासमोर किंवा जावयासमोर काही गोष्टी ती बोलणारच नाही. नात एकटी असेल तर बोलणे वेगळ्या दिशेने जाते. मुलाची हकिकत हवीच असेल तर ती वेगळ्या बैठकीत, वेगळ्या फाइलमध्ये घ्यावी. ऐकू कमी येत असेल तर नातीने आजीच्या चांगल्या कानाच्या बाजूला, हातभर अंतरावर बसावे. लांबून मोठ्याने विचारलेला प्रश्न उलटतपासणीसारखा वाटतो.

यंत्राची बाजू साधी आहे. फोनवर ध्वनिमुद्रण करायचे तर तो एअरप्लेन मोडवर टाकावा, पदराला लावायचा छोटा मायक्रोफोन वापरावा आणि फाइल दाबलेली एमपीथ्री न घेता पूर्ण डब्ल्यूएव्ही स्वरूपात घ्यावी. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट आणि एकच मार्ग ठेवला तर तासाला साधारण अर्धा जीबी जागा लागते. सुरुवातीला तारीख, गाव आणि दोघींची नावे ध्वनिफितीतच बोलून घ्यावीत, मग अर्धा मिनिट मुद्रित करून कानाला लावून ऐकावे. पदर हलल्याचा आवाज येत असेल तर मायक्रोफोन वर सरकवावा. त्याच संध्याकाळी फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी जाव्यात.

आता सर्वांत अवघड भाग. चिमूरच्या बायकांवर सैनिकांनी केलेले अत्याचार ही त्याच काळात महिलांच्या शिष्टमंडळाने आणि डॉ. मुंजे यांनी जाऊन नोंदवलेली गोष्ट आहे. नऊ वर्षांच्या मुलीने यातले काही ऐकले असेल, काही पाहिले असेल, तिच्या स्वतःच्या घरात काही घडलेही असेल. आखणीत यावर थेट प्रश्न ठेवू नये. त्याऐवजी प्रश्न दिनक्रमाचे असावेत: पाणी कोण आणत होते, बायका विहिरीवर एकट्या जात होत्या का, मुलींना कुठे ठेवले होते. आजीला बोलायचे असेल तर ती त्या वाटेने स्वतः पोचते. एखादे नाव घेऊन ती थांबली तर नातीने पुढे ढकलू नये. यंत्र बंद करू का, असे विचारावे आणि ती म्हणेल तसे करावे. हे धोरण नातीने बैठकीआधीच मनाशी पक्के केलेले असावे, कारण ऐन वेळी उत्सुकता आणि दुःख दोन्ही एकदम अंगावर येतात.

ज्या बाईवर अत्याचार झाला तिचे नाव ध्वनिफितीत आले तरी ते प्रतिलेखनात, आराखड्यात किंवा नोंदीत उतरवू नये. अशा पीडितेची ओळख छापणे कायद्यानेही मना आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम 72 त्याविषयीच आहे. पण इथे कायद्याहून जवळचे कारण आहे. तिची नातवंडे आज त्याच गल्लीत राहतात आणि त्यांना हे ठाऊक असेलच असे नाही. हीच दक्षता खबऱ्या म्हणून ज्याचे नाव गावात घेतले जाते त्याच्याबाबतीत, आणि कोणी कोणाला मारले या आठवणीबाबतही घ्यावी. मारले गेलेल्या चौघांचीही घरे होती. आजीने सांगितलेले नाव म्हणजे पुरावा नव्हे, आणि मेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही.

संमती म्हणूनच दोनदा घ्यावी. पहिली बैठकीआधी, तोंडी, ध्वनिफितीतच: कशासाठी विचारतो आहोत, कोण ऐकणार आहे. दुसरी सगळे संपल्यावर, आजीला तिचे बोलणे ऐकवून. काय सांगितले हे कळल्यावर दिलेली संमतीच खरी असते. तेव्हा तिच्यापुढे तीन पर्याय ठेवावेत: घरापुरते, कोणालाही खुले, किंवा काही भाग ठरावीक काळ बंद. अंगठा किंवा सही कागदावर घ्यावी, पण पर्याय तिच्याच आवाजात मुद्रित असावा.

बैठकीनंतरचे काम बैठकीपेक्षा लांबते. एका तासाच्या बोलण्याचे प्रतिलेखन करायला सहज सहा ते आठ तास लागतात, म्हणून आधी दर काही मिनिटांना काय विषय आला याची वेळेसह नोंद करावी आणि मग लागेल तेवढे शब्दशः उतरवावे. आजी "पानी" म्हणाली तर "पानी" लिहावे. झाडीबोलीचा लहेजा पुस्तकी मराठीत बदलला की कोणती वाक्ये तिची आहेत आणि कोणती पुढाऱ्यांच्या भाषणातून आली आहेत, हे ओळखण्याची खूण हातातून जाते. एरवी बोलीत बोलणारी आजी मध्येच "ब्रिटिश सत्तेविरुद्ध जनक्षोभ उसळला" असे म्हणाली, तर ते वाक्य कुठून तरी ऐकलेले आहे.

मग पडताळणी. तीन रकाने आखावेत: कागद काय सांगतात, आजी काय सांगते, आणि फरकाचे संभाव्य कारण. समजा आजी सांगते की त्याच संध्याकाळी गोरे सोल्जर आले. कागद 19 ऑगस्ट सांगतात. मधल्या तीन दिवसांचे काय झाले? एक शक्यता अशी की ते तीन दिवस घर बंद करून काढले आणि मुलीच्या मनात ते एकाच लांब रात्रीसारखे साठले. दुसरी अशी की ती सोल्जर म्हणते ते आधी आलेले पोलीस होते. पुढच्या बैठकीत "त्यांच्या डोक्यावर काय होतं?" असे विचारून ही दुसरी शक्यता तपासता येते. पोलिसाचा फेटा आणि सैनिकाचे शिरस्त्राण मुलीच्या नजरेत वेगळे राहते. उत्तर मिळाले तरी आजीचे मूळ वाक्य खोडू नये, शेजारी टीप घालावी.

तसेच दिवाळीचे. ती म्हणते, बाबा दिवाळीला सुटून आले. चिमूर खटल्यात शिक्षा झालेली माणसे त्यानंतर वर्षानुवर्षे तुरुंगात होती आणि फाशीच्या शिक्षा 1945 मध्ये जन्मठेपेत बदलल्या गेल्या. तेव्हा वडील 1942 च्या दिवाळीला परतले असतील तर ते सरसकट धरपकडीत गेले होते, शिक्षा झालेल्यांत नव्हते. दुसऱ्या दिवाळीला परतले असतील तर प्रकरण वेगळे. इथे खुणांचा तक्ता कामी येतो: बाबा आले तेव्हा धाकटा चालत होता का, त्याने बाबांना ओळखले का? एवढ्या एका उत्तरावरून कोणत्या वर्षीचे कागद शोधायचे हे ठरते.

आठवणीतल्या अशा सरकण्याकडे कसे पाहावे, याचा प्रसिद्ध नमुना इटलीत आहे. तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार 17 मार्च 1949 रोजी नाटोविरोधी निदर्शनांत पोलिसांच्या हातून मेला. मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांना मात्र कितीतरी कामगारांनी तो 1953 च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात मेल्याचे सांगितले. पोर्तेल्लींनी ही चूक म्हणून बाजूला न टाकता कामगारांना त्याचा मृत्यू मोठ्या लढ्यात का हवा होता, हे शोधले. आपल्याकडे इतिहासकार शाहिद अमीन यांनी चौरीचौऱ्याच्या 1922 च्या घटनेवर 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात न्यायालयीन कागद आणि वारसांच्या आठवणी अशाच समोरासमोर ठेवल्या. चिमूरच्या आजीची तीन दिवस गिळून टाकणारी संध्याकाळ याच जातीची आहे.

शेवटी सांभाळणी. मूळ ध्वनिफीत, प्रतिलेखन, घराचा आराखडा, खुणांचा तक्ता आणि संमतीचा कागद हे पाचही एकत्र राहिले तरच पुढच्या माणसाला मुलाखत वापरता येते. एक संच घरी, एक ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागात द्यावा. देताना खुला भाग आणि बंद भाग यांच्या फाइली वेगळ्या कराव्यात. बंद भाग कधी उघडायचा याची तारीख, आणि आजीच्या मागे तो निर्णय घरातल्या कोणी घ्यायचा त्याचे नाव, हे आजीने स्वतः सांगून संमतीच्या कागदावर लिहिलेले असावे.